स्पॅनिश बातमीचा मराठी सारांश: कोण काय म्हणाले आणि खरे काय घडले

28 एप्रिल 2025 रोजी दुपारी 12 वाजून 33 मिनिटांनी स्पेन आणि पोर्तुगालच्या मुख्य भूमीवरची वीज गेली. त्यानंतर कित्येक महिने स्पॅनिश वृत्तपत्रे याच विषयाने भरलेली होती. स्पॅनिश बातमीचे मराठीत सार काढताना गाडी कुठे रुळावरून घसरते, हे या प्रकरणात छान दिसते.

गैरसमज: अवतरणचिन्हांबाहेरचे सगळे म्हणजे वस्तुस्थिती.

वीज 12.33 ला गेली, ही वस्तुस्थिती आहे. कोणीही तपासावी, वाद नाही. पंधरा गिगावॅट वीज पाच सेकंदांत नाहीशी झाली आणि ती त्या वेळच्या मागणीच्या साठ टक्के होती, हे मात्र त्याच संध्याकाळी पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांनी सांगितले. बातमीत हा आकडा अवतरणाविना, वाक्याच्या शेवटी ‘सेगून’ (म्हणजे ‘यांच्या मते’) लावून येऊ शकतो. घाईत सार काढणारा नेमके ते शेपूट कापतो आणि दावा सत्य होऊन बसतो.

दुसऱ्या दिवशीचे उदाहरण आणखी बोलके आहे. रेड एलेक्ट्रिका या पारेषण कंपनीने आपल्या यंत्रणांत सायबर घुसखोरी झाल्याची शक्यता प्राथमिक तपासाच्या आधारे फेटाळली. सांचेझ मात्र त्याच दिवशी कोणतीच शक्यता सोडून द्यायला तयार नव्हते. ‘सायबर हल्ला नव्हता’ असे तीन शब्दांत लिहिले की कंपनीचे नाव, ‘आमच्या यंत्रणांत’ ही मर्यादा आणि ‘प्राथमिक’ ही अट, तिन्ही एकदम गळतात.

गैरसमज: ‘आब्रीया’ म्हणजे मराठीतले ‘असते’.

ही चूक सर्वांत महागात पडते. स्पॅनिश बातमीदार ऐकीव, अजून पक्की न झालेली माहिती देताना क्रियापदाचे संकेतार्थी रूप वापरतात. व्याकरणकार त्याला अफवेचा संकेतार्थ म्हणतात. ‘दोस प्लांतास आब्रीआन फायादो’ या वाक्याचे शब्दशः मराठी ‘दोन केंद्रे बंद पडली असती’ असे होईल, आणि मराठीत त्याचा अर्थ ती बंद पडलीच नाहीत! मूळ वाक्य तर ‘दोन केंद्रे बंद पडल्याचे सांगितले जाते’ असे म्हणते आहे. ‘बंद पडली’ असे ठोकून देणेही तितकेच चूक. एल पाईस दैनिकाच्या लेखनसंहितेला हे रूप मंजूर नाही, तरी इतरत्र, विशेषतः लॅटिन अमेरिकेत, ते सर्रास भेटते.

गैरसमज: मत फक्त ‘ओपिनिऑन’ अशी पाटी असलेल्या पानावर असते.

स्पॅनिश पत्रकारितेत ‘क्रोनिका’ नावाचा एक मान्य प्रकार आहे. संसदेचे अधिवेशन असो की फुटबॉलचा सामना, बातमीदार आपल्या नावानिशी घडलेले सांगतो आणि सांगता सांगता त्याचा अर्थही लावतो. मत तिथे विशेषणांत असते, क्रियापदातही असते. ‘आसेगुरार’ म्हणजे ठामपणे सांगितले. ‘रेकोनोसेर’ म्हणजे कबूल केले. कबुली म्हटली की दोष आधीच गृहीत धरला जातो, आणि ती निवड बोलणाऱ्याची नसून लिहिणाऱ्याची असते. मराठीत सरसकट ‘म्हणाले’ केले तर बातमीदाराचा कल पुसला जातो. ‘कबूल केले’ ठेवले तर तो आपलाच होऊन बसतो. सारांशात ‘म्हणाले’ वापरावे आणि हा कल महत्त्वाचा असेल तर ‘बातमीदाराच्या लेखी ही कबुली आहे’ असे वेगळे वाक्य लिहावे, असे मला वाटते.

सरावासाठी मीच रचलेला एक उतारा: ‘वीज दुपारी गेली. कंपनीच्या मते दोष वीजकेंद्रांचा आहे. तीन केंद्रांनी आदेश पाळले नसल्याचे सांगितले जाते. सरकारने पुन्हा एकदा हात झटकले.’ पहिले वाक्य वस्तुस्थिती. दुसरे कंपनीचे म्हणणे; कंपनीचे नेमके शब्द समोर नाहीत, म्हणून मराठीतही अवतरणचिन्हे द्यायची नाहीत. तिसरे निनावी, अपुष्ट. चौथे निखळ मत, मग ते पहिल्या पानावर का छापलेले असेना. माझे सार असे: ‘दुपारी वीज गेली. कंपनीने वीजकेंद्रांना दोष दिला. तीन केंद्रांबद्दलची माहिती अपुष्ट आहे. सरकार जबाबदारी टाळत असल्याचे बातमीदाराचे मत आहे.’

आकड्यांबाबत थोडक्यात: स्पेनमध्ये 15.000 म्हणजे पंधरा हजार, कारण तिथे हजारांसाठी टिंब आणि दशांशासाठी स्वल्पविराम वापरतात. ‘बियोन’ म्हणजे अब्ज नव्हे, एक लाख कोटी.

सारांशावर बातमीची तारीख हवीच, कारण चित्र बदलत जाते. 17 जूनला मंत्री सारा आगेसेन यांनी सरकारी अहवाल मांडला: विजेचा दाब अनेक कारणांनी अनावर वाढला, सायबर हल्ल्याचा पुरावा सापडला नाही, आणि दाब नियंत्रणात रेड एलेक्ट्रिकाचे नियोजन व काही वीजकेंद्रे दोन्ही कमी पडली. दुसऱ्याच दिवशी कंपनीने आपला अहवाल काढून वीजकेंद्रांकडे बोट दाखवले.