पत्रिका जुळत नाही म्हणता? आधी टाइम झोन बघा!

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे स्थळांची धावपळ सुरू होते. पूर्वी मुलीचा बाप टाचण खिशात घालून गुरुजींकडे जायचा. आता बायोडाटा व्हॉट्सअॅपवर येतो, पोरगं मोबाइल काढतं, दोन्हीकडच्या तारखा भरतं आणि चहा निवायच्या आत सांगतं, "एकनाड आहे, नाही जमत." पत्रिका बघावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात आम्ही पडत नाही. पण बघायचीच असेल तर निदान ती आपल्या मुलीची तरी असावी ना? मोबाइलमधले गणित सहसा चुकत नाही. चुकते ते आपण भरलेले.

एक उदाहरण सांगतो. गाव आणि नावे मुद्दामच देत नाही. मुलगी मार्गशीर्षातली, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी ११ वाजून १५ मिनिटांनी जन्मलेली. घरात जुने टाचण होते, त्यावर रोहिणी नक्षत्र, चौथे चरण, रास वृषभ आणि नावरस अक्षर 'वू' असे स्वच्छ लिहिलेले. मुलगा अनुराधा नक्षत्राचा, वृश्चिक राशीचा. स्थळ दोन्हीकडून पसंत. पण मुलाच्या चुलतभावाने एका संकेतस्थळावर गुण बघितले आणि निरोप पाठवला की गुण साडेएकवीस आहेत, पण एकनाड असल्याने आमच्याकडे चालत नाही. मुलीच्या आजोबांना काही हे पटेना. रोहिणीची नाडी अंत्य, अनुराधेची मध्य, मग एकनाड आली कुठून? त्यांनी त्या पत्रिकेचा कागद मागवून घेतला. कागदावर मुलीचे नक्षत्र रोहिणी नव्हतेच. होते मृगशीर्ष.

झाले होते असे. मुलीचे गाव लहान, संकेतस्थळाच्या यादीत सापडेना. तेव्हा त्या पोराने अक्षांश-रेखांश हाताने भरले आणि ते बरोबरच भरले. पण गाव यादीतून निवडले असते तर टाइम झोन आपोआप आला असता. हाताने भरल्यावर तो रकाना तसाच शून्यावर राहिला. शून्य म्हणजे इंग्लंडमधली ग्रिनिचची वेळ. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. मशीन समजले, मुलगी ग्रिनिचच्या सव्वाअकराला जन्मली, म्हणजे आपल्या घड्याळाने दुपारी पावणेपाचला. त्या दिवशी रोहिणी नक्षत्र दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी संपले होते. खरा जन्म त्याच्या आधीचा, मशीनचा जन्म त्याच्या नंतरचा. एवढ्यानेच नक्षत्र बदलले.

आता गुणांचे काय झाले ते बघा. छत्तीस गुण येतात ते चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून. रास वृषभच राहिली, म्हणून वर्ण, वश्य, ग्रहमैत्री आणि राशीकूट जिथल्या तिथे. रोहिणी आणि मृगशीर्ष या दोन्हींची योनी सर्प, तिथेही फरक नाही. ताऱ्याचा दीड गुण दोन्ही वेळा तेवढाच. गण मनुष्याचा देव झाला, पण मुलाचा गण देवच असल्याने काही बिघडले नाही. बदलली ती फक्त नाडी. मृगशीर्षाची नाडी मध्य, अनुराधेचीही मध्य. नाडीला छत्तीसपैकी सगळ्यात जास्त, म्हणजे आठ गुण आहेत, ते एका झटक्यात गेले. साडेएकोणतीसचे साडेएकवीस झाले. (पंचांगापंचांगात अर्ध्या-एका गुणाचा फरक असतो, तो सोडून द्या.) अठराच्या वर गुण आहेत म्हणून कुणाला शंका आली नाही. शंका आली ती टाचण जपून ठेवलेल्या म्हाताऱ्याला.

आणि हो, एकनाड म्हणजे रक्तगट एक, अशी समजूत बऱ्याच गावांत आहे. नाडी नक्षत्रावरून ठरते, रक्ताशी तिचा काही संबंध नाही.

टाइम झोन चुकला म्हणजे दर वेळी नक्षत्र बदलतेच असे नाही. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो आणि तासाला अर्ध्या अंशाच्या आसपास सरकतो. साडेपाच तासांच्या चुकीने चारातल्या एखाद्याच मुला-मुलीचे नक्षत्र बदलेल, रास तर दहातल्या एखाद्याची. म्हणूनच ही चूक लपून राहते. तिघांची पत्रिका बरोबर निघते आणि चौथ्याचे स्थळ मोडते.

लग्नरास मात्र चंद्रासारखी संथ नाही. ती सुमारे दोन तासांत बदलते, चार मिनिटांना साधारण एक अंश या हिशेबाने. मंगळ आहे की नाही हे मुख्यत्वे या लग्नराशीवरून ठरते. लग्नापासून मोजून १, ४, ७, ८ किंवा १२ व्या स्थानी मंगळ असला की आपण 'मंगळाची पत्रिका' म्हणतो. इथे गोंधळ घालतो तो जन्मगावाचा रकाना.

आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. बायोडाट्यात मात्र गाव लिहिले जाते बापाचे. समजा बापाचे घर कोल्हापूरचे आणि आईचे माहेर नागपूरचे. मूल जन्मले नागपुरात, भरले कोल्हापूर. दोन्हीकडे घड्याळ एकच, पण नागपूर पूर्वेला असल्याने तिथे सूर्य आधी डोक्यावर येतो. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने हा फरक सुमारे एकोणीस मिनिटांचा होतो. तेवढ्यात लग्न जवळजवळ पाच अंश मागे जाते. खरे लग्न सिंहेच्या दुसऱ्या अंशावर असेल तर कोल्हापूर भरल्यावर ते कर्केच्या शेवटाला येऊन बसते. मंगळ मिथुनेत असला तर सिंहेपासून तो अकरावा, म्हणजे मंगळ नाही. कर्केपासून तोच बारावा. झाली मुलगी मंगळाची! गुण मात्र जेवढ्यास तेवढे राहतात, कारण घड्याळाची वेळ तीच आहे आणि चंद्र गावागणिक बदलत नाही. म्हणून लक्षात ठेवा, एका पत्रिकेत मंगळ आहे, दुसरीत नाही आणि गुण दोन्हीत सारखे, असे दिसले तर जन्मगाव तपासा. गुणच बदलले असतील तर वेळ नाहीतर टाइम झोन.

एकसारखी नावे असलेल्या गावांचाही घोळ होतो. नुसते 'औरंगाबाद' लिहिले की काही यादींत बिहारचे औरंगाबाद वर येते. आपले छत्रपती संभाजीनगर आणि ते औरंगाबाद यांच्यात नऊ अंशांचे, म्हणजे छत्तीस मिनिटांचे अंतर. हैदराबादचे तर याहून अवघड, कारण एक हैदराबाद पाकिस्तानात, सिंधमध्ये आहे आणि तिथले घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. पण आपले खेडे यादीत नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका. तालुक्याचे गाव निवडले तरी चालते. पूर्व-पश्चिम पंचवीस किलोमीटरला एक मिनिट एवढाच फरक पडतो. लग्न राशीच्या अगदी काठावर असेल तरच ते मिनिट भारी पडते.

जुन्या पद्धतीच्या काही सॉफ्टवेअरमध्ये टाइम झोन आकड्याने भरावा लागतो. तिथे साडेपाच तास म्हणजे ५.५ लिहायचे असते. आपण सवयीने ५.३० लिहितो. मशीन ते पाच तास अठरा मिनिटे धरते आणि बारा मिनिटांची चूक होऊन बसते. नक्षत्राला एवढ्याने सहसा धक्का लागत नाही, पण लग्न तीन अंश हलते. परदेशात जन्मलेल्या मुलांसाठी झोन भरायचा तो जन्माच्या ठिकाणचा, मोबाइल हातात असलेल्याच्या ठिकाणचा नव्हे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात, तेही बघावे लागते.

आता, कागद हातात आला की काय बघायचे? ज्योतिष यायला लागत नाही. पत्रिकेच्या डोक्यावर रेखांश, टाइम झोन आणि बहुतेक वेळा त्या दिवसाचा सूर्योदय छापलेला असतो. महाराष्ट्रात जन्म असेल तर रेखांश ७२ ते ८१ पूर्वच्या दरम्यान हवा आणि झोन साडेपाच तास. वर सांगितलेल्या कागदावर सूर्योदय छापला होता रात्री १ वाजून २० मिनिटांचा! कुणी वाचलाच नव्हता.

दुसरी खूण कुंडलीच्या चौकटीतच असते. आपल्याकडच्या कुंडलीत वरचे मधले घर लग्नाचे. रवी कुठे बसला आहे ते शोधा. उजाडताना जन्म असेल तर रवी या वरच्या घराजवळ, दुपारी बाराच्या सुमाराला उजव्या हाताच्या मधल्या घराजवळ, मावळतीला खालच्या आणि मध्यरात्री डाव्या. म्हणजे रवी घड्याळाच्या काट्यासारखाच फिरतो. एखादे घर मागेपुढे चालेल. त्या मुलीचा जन्म सव्वाअकराचा, तेव्हा रवी अकराव्या घरात, उजवीकडे वर हवा होता. चुकीच्या कागदावर तो सातव्यात, तळाला होता. सकाळी जन्मलेल्या पोरीचा सूर्य मावळतीला! रात्री साडेबाराला जन्म असताना दुपारचे साडेबारा भरले गेले, तर तेही याच खुणेने सापडते. फक्त मध्यरात्रीनंतरचा जन्म असेल तर तारीख पुढची धरली आहे ना, तेवढे वेगळे बघा.

तिसरी गोष्ट नक्षत्राच्या समाप्तीची. जन्मवर्षाचे दाते पंचांग गुरुजींकडे किंवा त्या वर्षीचे कालनिर्णय कुणाच्या तरी माळ्यावर सापडेल. त्या तारखेला नक्षत्र कधी संपले ते बघा. जन्मवेळ त्यापासून पाच-सहा तास लांब असेल तर निर्धास्त राहा. जवळ असेल तर मात्र वेळेचा पुरावा शोधावा लागेल. आजीच्या "गाई सुटायच्या वेळेला झाली" यावर भागणार नाही.

आणि तो पुरावा ग्रामपंचायतीत मिळत नाही, हे ग्रामसेवक मंडळी जाणतातच. जन्मदाखल्यावर तारीख असते, ठिकाण असते, वेळ नसते. ठिकाण मात्र तिथे खात्रीचे मिळते, कारण नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. दाखल्यावर नागपूर असेल तर मशीनमध्ये नागपूरच भरा, मग घरचे गाव कोणतेही असो. वेळेसाठी दवाखान्याचे डिस्चार्ज कार्ड बघा. बहुतेक कार्डांवर बाळंतपणाची वेळ लिहिलेली असते, पण जुन्या कार्डांची शाई उडते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी आजच कार्डाची झेरॉक्स काढून तिच्यावर वेळ, 'सकाळ' की 'रात्र' आणि दवाखान्याचे गाव पेनाने ठळक लिहून ठेवावे.