गिऱ्हाईक कोणाचे?

सन २०२१ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे ऑर्डरी पाहावयास बसलो, तो एकही ऑर्डर दिसेना. थोड्या वेळाने कळले की, ज्या ऑनलाइन बाजारपेठेवर आमचा माल विकला जात होता, तिने आमचे खाते तात्पुरते बंद केले आहे. आमचे एक छायाचित्र दुसऱ्याच्या मालाचे आहे, अशी कोणी तक्रार केली होती. छायाचित्र आमचेच होते; आमच्याच ओसरीवर काढलेले. पण ते सिद्ध करण्यास १९ दिवस लागले. खाते पुन्हा उघडले ते धनत्रयोदशीला. तोवर लोकांच्या घरांची सजावट होऊन गेली होती, आणि आमच्या माळ्यावर दिवाळीसाठी शिवून ठेवलेले अभ्रे तसेच पडून होते.

आमचा धंदा लहान आहे. सोलापुरी हातमागाच्या कापडाचे कुशनचे अभ्रे, पडदे आणि भिंतीवर टांगावयाची विणलेली चित्रे आम्ही विकतो. त्या वेळी आमच्या १० ऑर्डरींपैकी ९ त्या एका बाजारपेठेतून येत असत. या स्थितीतून आम्ही कसे बाहेर पडू लागलो, आणि त्यात कोठे चुकलो, ते येथे सांगावयाचे आहे.

आमच्या व्यवसायबंधूंचा पहिला रोष असतो तो कमिशनवर. आमचाही होता. पण शांतपणे विचार करता असे दिसते की, कमिशन हे काही अन्यायाचे लक्षण नव्हे. पेठेत मोक्याची जागा घेतली तर भाडे द्यावेच लागते. खरी अडचण निराळीच आहे. पेठेतल्या दुकानदाराला त्याचे गिऱ्हाईक तोंडाने ओळखते. दुकान चार घरे पलीकडे गेले तर ते विचारत विचारत तेथे येते. ऑनलाइन बाजारपेठेत मात्र गिऱ्हाईक बाजारपेठेचे असते. आमच्याकडे येतो तो केवळ पार्सलवर चिकटवावयाचा पत्ता, आणि तोही माल पोचवण्यापुरताच वापरावयाचा, असा नियम असतो. आमच्याकडून अभ्रे नेलेल्या बाईंना कोणी विचारले की हे कोठून आणले, तर त्या बाजारपेठेचे नाव सांगतात, आमचे नाही. पाच वर्षे माल विकूनही आमच्यापाशी एकाही गिऱ्हाइकाची अशी ओळख नव्हती की जिला आपण हक्काने निरोप धाडावा.

या परावलंबनाचे एक मोठे उदाहरण अमेरिकेत घडले. हस्तव्यवसायाच्या व घरसजावटीच्या वस्तूंसाठी एट्सी नावाची बाजारपेठ २००५ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात निघाली. एप्रिल २०२२ मध्ये तिने विक्रीवरील शुल्क ५ टक्क्यांवरून ६.५ टक्के केले, तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर आपली दुकाने बंद ठेवली. दर मात्र तोच राहिला. गिरणीतला संप आणि हा संप यांत एक भेद आहे, तो ध्यानात घेतला पाहिजे. ज्या विक्रेत्याला माल विकावयास दुसरे दारच नाही, त्याने दुकान बंद केले तर प्रथम त्याचीच चूल थंडावते.

दुसरे दार उघडावयाचे, हे आम्ही त्या दिवाळीनंतर ठरवले. पहिली चूक केली तीही लगेचच. स्वतःच्या नावाचे संकेतस्थळ करून घेतले आणि समाजमाध्यमावर जाहिराती देऊ लागलो. ऑर्डरी आल्या. आम्ही हरखून गेलो. चार महिन्यांनी चोपडी घेऊन बसलो तेव्हा हिशेब उलगडला. तो आकडे गोल करून श्रोत्यांपुढे मांडतो.

पाच अभ्र्यांचा एक संच १,००० रुपयांचा धरा. कापड, शिलाई आणि वेष्टन मिळून त्याला ४५० रुपये पडतात. बाजारपेठेत कमिशन १५०, ठरावीक शुल्क ३०, वाहतूक ९० आणि तेथेच वर दिसण्यासाठीची जाहिरात ८०, असे ३५० जाऊन हाती २०० उरतात. आता स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. कुरिअर १०० आणि पैसे स्वीकारण्याचा आकार २०, एवढेच. कमिशन नाही. पण गिऱ्हाईक तेथवर आणावयाचे कोणी? जाहिरातीवर बोट ठेवून येणाऱ्या प्रत्येकामागे ६ रुपये पडत होते, आणि ६० जण येऊन गेले की एक जण विकत घेई. म्हणजे एका गिऱ्हाइकामागे ३६० रुपये. हाती उरले ७०.

तेच गिऱ्हाईक दुसऱ्या वेळी आपण होऊन आले, तर जाहिरात लागत नाही व ४३० उरतात. म्हणून जाणकार सांगतात की, थेट विक्रीचा नफा दुसऱ्या खेपेला असतो. हे साबणाला किंवा लोणच्याला लागू आहे. अभ्रे मात्र घरात तीन-चार वर्षे टिकतात. आम्ही मांडून पाहिले की, जाहिरातीने आणलेल्या १० गिऱ्हाइकांपैकी निदान ६ जण पुन्हा आले, तरच हा मार्ग बाजारपेठेच्या बरोबरीला येतो. वर्षभरात आमच्याकडे १० पैकी १ परत आले होते. शिवाय एक गोष्ट पुढे ध्यानात आली. एका आठवड्यात आम्ही जाहिरात थांबवली, तर ऑर्डरीही थांबल्या. म्हणजे एका धन्याच्या दारातून उठून आम्ही दुसऱ्याच्या दारात जाऊन बसलो होतो. आपली विक्री खरोखर आपली आहे की नाही, हे पाहावयाचे असेल तर पंधरा दिवस जाहिरात बंद ठेवून पाहावे. उरते तेवढी आपली.

तेव्हा प्रश्न असा झाला की, जाहिरातीवाचून गिऱ्हाईक कोठे भेटते? घरसजावटीच्या मालाला याचे उत्तर आहे, कारण हा माल हाताला लागला पाहिजे. पडद्यावर दिसणारा विटकरी रंग आणि कापडाचा विटकरी रंग यांचे क्वचितच जुळते. आमचा परत येणारा माल बहुतेक याच कारणाने परत येई. म्हणून आम्ही प्रदर्शनात गाळा घेतला. चार दिवसांचे भाडे १६,००० आणि प्रवास-मुक्काम ६,०००. विकले गेले ६० संच, म्हणजे ६०,००० रुपये. मालाचे २७,००० वजा जाता उरले ११,०००. दर संचामागे सुमारे १८३ पडले. बाजारपेठेपेक्षा थोडे कमीच, आणि पाय दुखले ते निराळे! पण गाळ्यावर आम्ही एक वही ठेवली होती. दिवाळीपूर्वी नवे नमुने कळवावेत अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी आपले नाव व क्रमांक लिहावा, असे तीवर स्पष्ट छापले होते. १४० नावे झाली. तीच खरी कमाई.

पुढच्या चार प्रदर्शनांत ती वही वाढली. तिचा उपयोग आम्ही वर्षातून चारदाच करतो: पाडवा, गणपती, दिवाळी आणि लग्नसराईचा आरंभ. आरंभी उत्साहाच्या भरात आठवड्याला एक निरोप धाडला, तेव्हा लोकांनी भराभर आमचा क्रमांक बंद केला. ज्याने नको म्हटले त्याचे नाव त्याच दिवशी काढतो. संमतीवाचून कोणाचा क्रमांक असा वापरू नये, हा आता नुसता शिष्टाचार राहिलेला नाही. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला आहे. बाजारपेठेच्या पार्सलात आपल्या दुकानाची चिठ्ठी घालून तेथील गिऱ्हाईक वळवावे, असा सल्लाही पुष्कळ जण देतात. बहुतेक बाजारपेठांच्या नियमांत ते बसत नाही, आणि पुन्हा खाते बंद होण्यास तेवढे निमित्त पुरते. आम्ही अभ्र्याच्या आत शिवलेल्या फितीवर फक्त आपले नाव विणतो. माल आमचा आहे, त्यावर आमचे नाव असावयाचेच.

वहीतल्या गिऱ्हाइकाकडून पैसे यूपीआयने आगाऊ घेतो. जानेवारी २०२० पासून अशा व्यवहारावर व्यापाऱ्याकडून बँक आकार घेत नाही, तेव्हा तेथले २० रुपयेही वाचतात. माल दारात आल्यावर पैसे देण्याची सोय आम्ही बंद केली. नाकारलेले पार्सल जाण्यायेण्याचे भाडे खाऊन मळून परत येते.

दुसरा मार्ग गृहसजावटकारांचा. यांना आम्ही कापडाच्या तुकड्यांची नमुना-वही देतो. बोटभर रुंदीचे २४ तुकडे, प्रत्येकाखाली रंगाचा क्रमांक. एका सजावटकार बाईंनी तीवरून एका अतिथिगृहासाठी ३० संच मागवले. १५ टक्के सूट दिली, तरी एकगठ्ठा वाहतुकीमुळे संचामागे २० रुपयेच पडले आणि ३८० उरले. येथेही आम्ही एकदा तोंडघशी पडलो. अर्धा माल एका खेपेच्या रंगाईचा आणि अर्धा दुसऱ्या खेपेचा गेला. एकेकटे पाहिले तर फरक दिसत नव्हता. एका दिवाणखान्यात शेजारी ठेवताच दिसला. त्या बाई म्हणाल्या, “अहो, गिऱ्हाईक मला विचारतं, तुम्हांला नाही.” १५ संच बदलून द्यावे लागले. तेव्हापासून प्रत्येक ठाणाला रंगाईची खेप लिहून ठेवतो, आणि अशा ऑर्डरीला निम्मी रक्कम आधी घेतो. नाहीतर उधारीत विणकराची मजुरी अडकते.

दारे वाढली की माल वाटून ठेवावा लागतो. एकच उरलेला संच बाजारपेठेत आणि गाळ्यावर असा दोनदा विकला गेला, की बाजारपेठेची ऑर्डर रद्द करावी लागते व तेथली आपली पत घसरते. आम्ही दोन कपाटे केली आहेत. नमुनेही निराळे ठेवतो. तोच संच बाहेर स्वस्त विकला तर बाजारपेठ त्याला मागे ढकलू शकते. म्हणून तेथे ठरावीक सहा रंग, आणि वहीतल्यांसाठी थोड्या संख्येत विणवलेले नवे नमुने.

बाजारपेठ आम्ही सोडलेली नाही. अनोळखी माणूस अजूनही तेथेच सर्वांत स्वस्तात भेटतो, हे वरच्या हिशेबातच आहे. दर महिनाअखेर आम्ही एकच आकडा भिंतीवर खडूने लिहितो: १०० रुपयांच्या विक्रीत बाजारपेठेचे किती. २०२१ मध्ये ते ९० होते. तीन वर्षांनी ५५ वर आले. दिवाळीच्या महिन्यात मात्र ते अजून ७० च्या वर जातात, आणि माळ्यावरचा माल शिवताना आम्ही आता तेवढाच शिवतो, जेवढा खाते बंद झाले तरी वहीतल्या माणसांकडून माघापर्यंत खपेल.