फक्त पाहण्यापुरती लिंक

इंटिरिअर डिझायनरांच्या धंद्यात एक तक्रार फार जुनी आहे. क्लायंट दोन-तीनदा भेटतो, थ्रीडी चित्रं बघून खूश होतो, ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतो आणि गप्प होतो. पुढे कुणाकडून तरी कळतं की तेच टीव्ही युनिट, तीच जाळीदार पार्टिशन सोसायटीतल्या नेहमीच्या सुताराने निम्म्या पैशांत करून दिली. पूर्वी प्रेझेंटेशनची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जायची, आणि एकदा गेली की ती कुणाकुणाच्या फोनमध्ये फिरते आहे याचा पत्ताच लागायचा नाही. आता बरेच जण फाइल पाठवतच नाहीत, तिची लिंक पाठवतात. ‘फक्त बघता येईल, बाकी काही करता येणार नाही,’ असं सांगून. हे म्हणणं किती खरं आहे ते एका कामावरून पाहू.

समजा, दोघांचा एक छोटा स्टुडिओ आहे आणि पुण्यात बाणेरला तीन बेडरूमच्या फ्लॅटचं काम मिळण्याची शक्यता आहे. त्यांनी गूगल स्लाइड्सवर बावीस स्लाइडचा डेक केला आहे: फ्लॅटचा नकाशा, खोल्यांची थ्रीडी चित्रं, लॅमिनेट आणि कापडाचे नमुने, शेवटी अंदाजपत्रक. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात Share चं बटण असतं. ते दाबलं की General access खाली दोन मुख्य पर्याय दिसतात. Restricted ठेवलं तर ज्यांचे ईमेल तुम्ही लिहिले आहेत त्यांनाच फाइल उघडते. Anyone with the link केलं तर लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला. दोन्हींत समोरच्याची भूमिका ठरवायची असते, ती इथे Viewer हवी. Commenter किंवा Editor नको.

बहुतेक जण इथेच थांबतात, आणि अर्धं काम राहून जातं. Viewer झालेल्या माणसाला स्लाइडमधलं अक्षर बदलता येत नाही हे खरं, पण फाइल मेनूत जाऊन पीडीएफ उतरवून घेता येते, छापता येते, आणि स्वतःच्या ड्राइव्हमध्ये अख्ख्या डेकची प्रत काढता येते. त्या प्रतीचा मालक तोच, मग तीत तो हवे ते बदल करू शकतो. हे बंद करायचं तर Share च्याच चौकटीतलं दातेरी चाक उघडावं लागतं. तिथे पाहणाऱ्यांना डाउनलोड, प्रिंट आणि कॉपीचा पर्याय दिसू द्यायचा का, असं विचारणारी एक खूण असते. ती आधीपासून लावलेलीच असते, आपण काढायची. मग समोरच्याच्या मेनूतले ते पर्याय निष्क्रिय होतात आणि मजकूर निवडून कॉपीही होत नाही.

झालं का हे तपासायला स्वतःच्या खात्यातून बघून उपयोग नाही, कारण मालकाला सगळंच उघडं दिसतं. लिंक सर्वांसाठी खुली असेल तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत उघडावी. नावानिशी दिली असेल तर स्वतःच्याच दुसऱ्या जीमेलला तसाच प्रवेश देऊन बघावं. फाइल मेनूत डाउनलोड फिकं दिसायला हवं.

एक सापळा मात्र या तपासणीतही सुटतो. साइटचे फोटो टाकायला क्लायंटला पूर्वी एक फोल्डर शेअर केलेलं असतं, त्यात त्याला Editor केलेलं असतं, आणि घाईत डेकही त्याच फोल्डरमध्ये जाऊन बसतो. ड्राइव्हमध्ये फोल्डरचे हक्क आतल्या फाइलला आपोआप लागू होतात. लिंकवर Viewer लिहिलेलं असलं तरी त्या माणसाला मोठा हक्क मिळतो, म्हणजे तो खुशाल अंदाजपत्रकातले आकडे बदलू शकतो. इनकॉग्निटोत हे दिसणार नाही, कारण तिथे तुम्ही तो माणूस नसता. Share च्या चौकटीत नावांची यादी वाचली तरच कळतं. क्लायंटला दाखवायचे डेक वेगळ्या, कुणालाच न दिलेल्या फोल्डरमध्ये ठेवायची सवय बरी.

आता कुलूप नीट लागलं असं धरू. पण दाराआड काय ठेवलंय हे किती जण बघतात? गूगल स्लाइड्सची नेहमीची लिंक क्लायंटने संगणकावर उघडली की त्याच्यासमोर नुसता पडद्यावरचा देखावा येत नाही. डावीकडे सगळ्या स्लाइडांची रांग असते आणि खाली वक्त्याच्या टिपा असतात. प्रेझेंटेशन करताना वगळायची म्हणून Skip केलेली स्लाइडही त्या रांगेत असतेच, फक्त सादर करताना ती येत नाही. आपल्या स्टुडिओने एकोणिसावी स्लाइड अशी वगळली आहे, कारण तीत प्लायवूडवाल्याचा मूळ दर आणि त्यावरचं आपलं मार्जिन आहे. अंदाजपत्रकाच्या स्लाइडखाली टीप आहे: ‘आधी १४ लाख सांगायचे, फार ताणलं तर साडेबारा.’ क्लायंटला हे बदलता येणार नाही, कॉपीही करता येणार नाही. पण वाचता तर येतंय! वाटाघाटीत तेवढं पुरे.

म्हणून मूळ डेक कधीच पाठवू नये. त्याची प्रत काढावी, प्रतीतल्या टिपा आणि वगळलेल्या स्लाइडी खरोखर पुसाव्यात, आणि लिंक त्या प्रतीची द्यावी. यात आणखी एक फायदा आहे. लिंकवरची फाइल जिवंत असते. तुम्ही रात्री दहा वाजता बेडरूमचा रंग बदलत बसलात आणि क्लायंटने त्याच वेळी ती उघडली, तर तुमची खाडाखोड त्याला दिसत राहते. प्रत वेगळी असली की कच्चं काम आपल्याकडे राहतं. काही जण लिंकच्या शेवटी edit च्या जागी preview लिहून पाठवतात, त्यामुळे बाजूची रांग आणि टिपा दिसत नाहीत. दिसायला ते छान दिसतं, पण पत्त्यातला तो शब्द परत बदलणं कुणालाही जमेल. त्यावर भिस्त ठेवू नये.

इथपर्यंतचं सगळं हातात आहे. हातात नाही तो स्क्रीनशॉट. पडद्यावर जे उमटलं त्याचा फोटो घेणं फोनचं किंवा संगणकाचं काम, आणि स्लाइड्सची वेबसाइट तिथे आडवी येऊ शकत नाही. समजा आलीच, तर शेजारच्या माणसाच्या फोनचा कॅमेरा आहेच. सुताराकडे जे पोचतं ते बहुतेक वेळा असंच पोचतं, डाउनलोड करून नव्हे. तेव्हा खरा प्रश्न हा की पडद्यावर नेमकं काय उमटू द्यायचं.

सुताराला टीव्ही युनिटचं नुसतं चित्र मिळालं तर तो अंदाजाने काहीतरी करेल. त्याला हवी असतात मापं: खणांची खोली, शटरची रुंदी, आतला छेद, लॅमिनेटचा कंपनीसह नंबर. ती या टप्प्यावर डेकमध्ये घालण्याचं कारण नाही. क्लायंटला निर्णय घ्यायला चित्र, खोलीचा ढोबळ नकाशा आणि ‘अक्रोडी रंगाचं लॅमिनेट’ एवढं वर्णन पुरतं. चित्रंही रेंडर होऊन आली तशी अवाढव्य टाकू नयेत. सोळाशे पिक्सेल रुंदीचं चित्र लॅपटॉपवर स्वच्छ दिसतं. तेच ए-थ्री कागदावर छापलं तर इंचाला शंभराच्या आसपास ठिपके मिळतात आणि बारकावे पुसट होतात.

चित्रावर क्लायंटचं नाव आणि तारीख फिकट अक्षरांत टाकणं उपयोगी आहे, कारण मग फिरणारा स्क्रीनशॉट कुणाकडून निघाला हे त्याच्यावरच लिहिलेलं असतं. इथे हमखास फसगत होते. नाव प्रत्येक स्लाइडवर आपोआप यावं म्हणून लोक ते थीममध्ये घालतात. थीममधल्या वस्तू स्लाइडवरच्या वस्तूंच्या मागे राहतात, त्यामुळे पूर्ण पानभर चित्र असलं की नाव त्याच्याखाली झाकलं जातं. नेमक्या ज्या स्लाइडांना जपायचं त्यांच्यावरच ते नसतं. ते चित्रातच उमटवून मग चित्र स्लाइडवर आणावं, तेही फर्निचरवरून तिरपं. कोपऱ्यातलं नाव कापायला दोन सेकंद लागतात.

राहिला प्रश्न Restricted की सर्वांना खुली. खुली लिंक देणं सोपं, पण ती उघडणारा तुम्हाला अनामिक प्राण्याच्या चित्राने दिसतो; तो क्लायंट की सुतार, कळायला मार्ग नाही. नावानिशी दिलेली लिंक कटकटीची आहे. क्लायंटच्या फोनमध्ये दोन जीमेल असतात, लिंक भलत्याच खात्यात उघडते आणि ‘उघडतच नाही हो’ म्हणून फोन येतो. ती कटकट सोसावी असं माझं मत आहे. कारण लिंक पुढे सरकवली गेली आणि तिसऱ्या माणसाने खात्यात शिरून परवानगी मागितली, तर ती विनंती त्याच्या ईमेलसकट तुमच्याकडे येते. एखाद्या अनोळखी काँट्रॅक्टरची अशी विनंती आली की काय चाललंय ते कळतं.

मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस खात्यांत वनड्राइव्ह आणि शेअरपॉइंटवर हेच जमतं. तिथे पाहण्याच्या लिंकवर डाउनलोड रोखण्याची सोय आहे, शिवाय लिंकला मुदत घालता येते. डॉकसेंडसारख्या सशुल्क सेवा, जी कंपनी ड्रॉपबॉक्सने २०२१ मध्ये विकत घेतली, कुणी कोणत्या पानावर किती वेळ घालवला तेही सांगतात. दोन माणसांच्या स्टुडिओला त्याची गरज क्वचितच पडते.

आणि एवढं करून कल्पना उचललीच तर? कायदा इथे थोडा कंजूष आहे. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या विशिष्ट मांडणीवर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केलं. त्यांच्या नाटकावरून चित्रपट बेतल्याचा तो वाद होता. नकाशे आणि आरेखनं मात्र १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकृती म्हणून मोजली जातात. शिवाय विश्वासाने दिलेली माहिती वापरली म्हणूनही दाद मागता येते. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये झी टेलिफिल्म्स विरुद्ध सनडायल कम्युनिकेशन्स या प्रकरणात, वाहिनीला सादर केलेल्या मालिकेच्या संकल्पनेला असं संरक्षण दिलं होतं. पण त्यासाठी माहिती गोपनीय म्हणून दिली होती आणि कुणाला दिली होती, हे दाखवावं लागतं. पहिल्या स्लाइडवर ‘फक्त अमुक यांच्यासाठी, गोपनीय’ अशी ओळ आणि त्याच नावाच्या ईमेलला दिलेला प्रवेश, हे दोन्ही तेव्हा कामी येतात.

लिंक पाठवतानाच सोबत लिहावं: ‘ही पंधरा दिवस उघडी राहील.’ सोळाव्या दिवशी Share मध्ये जाऊन ते नाव काढलं की तीच लिंक परवानगी मागू लागते. अ‍ॅडव्हान्स आला, तर मापांसह वर्किंग ड्रॉइंगची पीडीएफ पाठवावी, बिनधास्त, डाउनलोड होईल अशी. साइटवर सुताराला ती कागदावरच लागते.