नावावरचे टिंब कुठे गेले?

हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डश यांचे आडनाव Erdős असे लिहितात. एखाद्या जुन्या गणिती लेखाच्या पीडीएफमधून संदर्भ उचलून वर्डमध्ये चिकटवला, की त्याचे Erd˝os होते. असे लेख बहुधा लाटेक्सने जुळवलेले असतात. त्याच्या जुन्या फाँटमध्ये ő हे अक्षरच नसते. खूण आणि o वेगवेगळे छापून एकावर एक बसवतात. डोळ्यांना एक अक्षर दिसते, कॉपी मात्र दोन होतात.

दुरुस्तीसाठी वर्डच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये ˝o शोधा आणि ő भरा. विंडोजवर 0151 टाइप करून लगेच Alt+X दाबले की ő उमटते. ‘मॅच केस’वर खूण करा. मधे मोकळी जागा शिरली असेल, तर ˝ o हेही शोधा. Mart´ınez फसवे असते: त्यातला ı बिनटिंबाचा असतो, म्हणून ´ı या जोडीच्या जागी í घाला. शेवटी ˝, ¨, ´ एकेकटे शोधून काही उरले का ते पाहा.

खूणच गळून नुसते Erdos उरले असेल, तर शोध निरुपयोगी. तेव्हा मूळ पान उघडून प्रत्येक नाव ताडून पाहा; आणि ő च्या जागी ö तर मुळीच चालवून घेऊ नका.