पेन्सिलच्या गिचमिडीतून स्वच्छ रेषा

उडी मारणाऱ्या मुलाचं कच्चं ॲनिमेशन क्रितामध्ये पेन्सिल ब्रशने काढलंय असं समजा. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम टिकणारं, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. आधी या कच्च्या लेयरची अपारदर्शकता कमी करून तो फिका करायचा आणि वर शाईचा नवा लेयर घ्यायचा. त्याच्या नावापुढचा बल्ब लावला की मागचं-पुढचं चित्र पुसट दिसतं. चित्रागणिक नाक सरकलं, तर चित्रपट चालवताना चेहरा थरथरतो.

रंगाचा लेयर रेषांच्या खाली ठेवायचा आणि त्यातही प्रत्येक चित्रासाठी वेगळी की-फ्रेम घ्यायची. फिल टूलला सगळे लेयर वाचायला सांगायचं, पण त्याआधी कच्चा लेयर बंद करायचा. नाहीतर पेन्सिलच्या रेघाही कुंपण ठरतात आणि रंग तुकड्यांत भरतो. सदऱ्याचा रंग पार्श्वभूमीवर सांडला, तर बाह्यरेषेत कुठेतरी फट आहे. ती शाईच्या लेयरवरच बुजवायची. रेषेलगत पांढरी किनार राहिली, तर Grow selection दोन पिक्सेलने वाढवायचं. रंग रेषेखाली सरकतो आणि किनार झाकली जाते.