हळद विकायची, की हळदी समारंभ दाखवायचा?

तासगाव भागातील एका घरच्या सूनबाई घरचीच हळद दळून, इन्स्टाग्रामवर फोटो टाकून विकत होत्या. प्रत्येक फोटोखाली #haldi हा हॅशटॅग, पण मागणी येईना.

हॅशटॅग म्हणजे बाजारातील पाटी. त्या पाटीखाली सारखे फोटो एकत्र येतात. शोधाच्या चौकटीत #haldi लिहून पाहिले, तर सगळे लग्नातले हळदी समारंभ! तेथे हळदीची पुडी कोण शोधणार? म्हणून हॅशटॅग लावण्याआधी तो उघडून वीसेक फोटो पाहावेत. आपल्यासारखा माल दिसला तरच तो घ्यावा.

मग आम्ही पाच ठरवले. एक मोठा, #turmericpowder. येथे गर्दी फार, आपला फोटो लवकर मागे पडतो. तीन नेमके: #sanglihaldi, #सांगलीहळद, #हळदपावडर. येथे माणसे थोडी, पण हळदच शोधणारी. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. म्हणून हे नाव त्या भागातील हळदीलाच लावावे. पाचवा आपल्या पुडीवरच्या नावाचा, शब्द जोडून लिहिलेला. तो दुसऱ्या कोणाचा नाही ना, हे आधी पाहावे आणि पुडीवरही छापावा.

पूर्वी तीसपर्यंत लावता येत. पण 2021 मध्ये इन्स्टाग्रामनेच तीन ते पाच लावण्यास सुचवले. साताऱ्याकडील स्ट्रॉबेरीवाल्यांनीही हाच हिशेब धरावा. गिऱ्हाईक आले की "कोठे पाहिलेत?" असे विचारावे आणि निकामी हॅशटॅग बदलावा.