टीईटी : प्रसंग पावलोव्हचा की स्किनरचा? देवगिरीच्या ‘अंधारी’तून समजून घ्या

टीईटीच्या बालमानसशास्त्र विभागात अभिजात अभिसंधान (पावलोव्ह) आणि साधक अभिसंधान (स्किनर) यांवर प्रसंग देऊन प्रश्न विचारतात. ‘घंटा’ दिसली की पावलोव्ह, ‘बक्षीस’ दिसले की स्किनर, असे ठरवून उत्तर दिले तर गुण जाऊ शकतो.

हा प्रसंग पाहा. समजा, दौलताबाद किल्ल्यातल्या ‘अंधारी’ या काळोख्या वाटेत वटवाघळे अचानक जवळून उडाली आणि एक मुलगा घाबरला. पुढच्या सहलीत अंधारीच्या तोंडाशी येताच, एकही वटवाघूळ दिसले नसताना, त्याची छाती धडधडू लागली. तो मागे फिरला. उजेडात येताच धडधड थांबली. आता तो दर वेळी बाहेरच थांबतो.

प्रश्न नेमका कोणत्या प्रतिसादाबद्दल आहे, ते आधी शोधा.

धडधड मुलाने ठरवून केलेली नाही. काळोख आणि वटवाघळे एकत्र अनुभवल्यामुळे आता नुसता काळोखही भीती जागवतो. उत्तर : अभिजात.

मागे फिरणे ही मात्र त्याची स्वतःची कृती आहे. त्या कृतीनंतर भीती गेली, म्हणून ती कृती पक्की झाली. उत्तर : साधक.

इथे ‘शिक्षा’ हा पर्याय फसवा असतो. शिक्षेने वर्तन कमी होते. इथे नकोशी भीती दूर झाल्याने मागे फिरणे वाढले, म्हणून हे ऋण प्रबलन.

म्हणजे एकाच प्रसंगात दोन्ही प्रकार असू शकतात. आधीच्या उद्दीपकाने प्रतिसाद आपोआप घडवला तर अभिजात. कृतीनंतरच्या परिणामाने कृती वाढली किंवा कमी झाली तर साधक.